न्यूक्लिअर लॅबला समर प्रोजेक्टसाठी पत्र: शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एमएससीला न्यूक्लिअर फिजिक्स शिकवते. दरवर्षी दिवाळी उलटली की मुलं पत्रांचे मसुदे घेऊन येतात. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, कुलाब्याची टीआयएफआर, दिल्लीचं इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर, कोलकात्याचं व्हीईसीसी, कल्पक्कमचं इंदिरा गांधी केंद्र, ही नावं त्यांना पाठ असतात. पत्रात नेमकं काय लिहायचं ते ठाऊक नसतं. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

मी शेवटच्या वर्षाला आहे. मला समर प्रोजेक्ट मिळू शकतो का?

मिळू शकतो, पण यात एक खोच आहे आणि ती बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. जाहिरात देऊन भरल्या जाणाऱ्या उन्हाळी योजनांपैकी बऱ्याच योजना शेवटच्या आधीच्या वर्षासाठी, म्हणजे एमएससी भाग एकसाठी असतात. विद्यार्थी उन्हाळ्यात शिकून जावा आणि त्यानंतरही त्याच्या हातात अभ्यासाचं एक वर्ष असावं, असा त्यामागचा विचार असतो. म्हणून योजनेची पात्रता वाचताना ‘एमएससी’ या शब्दावर थांबू नका. ‘सध्या कोणत्या वर्षात’ हे वाक्य शोधा.

तुमची परीक्षा मे महिन्यात संपली की तुम्ही तसे कुठलेच विद्यार्थी राहत नाही. जुन्या कॉलेजचं ओळखपत्र संपत आलेलं असतं आणि पुढचा प्रवेश झालेला नसतो. सरकारी प्रयोगशाळेला मात्र तुमच्या मागे एक संस्था उभी असलेली हवी असते. बोनाफाइड, ना हरकत पत्र आणि शिस्तीची हमी देणारी विभागप्रमुखांची सही तिथूनच येते. म्हणून पत्र लिहिण्याआधी विभागात जाऊन एवढंच विचारा: ‘परीक्षेनंतर निकाल लागेपर्यंतच्या काळासाठी मला बोनाफाइड मिळेल का?’ बहुतेक ठिकाणी मिळतं, कारण निकाल लागेपर्यंत तुम्ही त्यांचेच विद्यार्थी असता. मिळणार असेल तर ते पत्रात एका वाक्यात सांगा. समोरच्याच्या मनातली पहिली अडचण तिथेच दूर होते.

चौथ्या सत्राचा संशोधन प्रकल्प बाहेर करायची मुभा तुमच्या विद्यापीठात असेल तर तो मार्ग उन्हाळ्यापेक्षा सोपा आहे, कारण त्या काळात तुम्ही नियमित विद्यार्थी असता. हा पर्याय आधी तपासून घ्या.

पत्र संचालकांना लिहू की एखाद्या शास्त्रज्ञाला?

थेट काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला. जाहिरात निघालेली योजना असेल तर तिचा अर्ज ठरलेल्या वाटेनेच जातो आणि तिथे वेगळं पत्र लागत नाही. योजनेबाहेर जागा मागत असाल तर बहुतेक ठिकाणी आधी गाईडने ‘हो’ म्हणावं लागतं, आणि मगच प्रशासनाचे कागद हलतात. संचालकांच्या नावे गेलेलं पत्र दोन-तीन टेबलं फिरतं, आणि कुठल्याच टेबलावर ते आपलं आहे असं कुणाला वाटत नाही.

योग्य माणूस शोधायचा कसा? वेबसाइटवर तर नुसती यादी असते.

अणुऊर्जा विभागाची ‘सिम्पोझियम ऑन न्यूक्लिअर फिजिक्स’ ही परिषद बहुधा दरवर्षी डिसेंबरात भरते. तिची इतिवृत्तं इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यातले बरेचसे लेख जेमतेम दोन पानांचे असतात. मोठ्या नियतकालिकातला पंधरा पानी शोधनिबंध एमएससीच्या विद्यार्थ्याला झेपत नाही, दोन पानं झेपतात. शिवाय या दोन पानांत तुम्हाला हवी तीच माहिती असते: सध्या तिथे कोणता डिटेक्टर वापरात आहे, कोणतं मोजमाप चालू आहे आणि लेखकांच्या यादीत विद्यार्थी कोण, ज्येष्ठ कोण.

मागच्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्तं उघडा आणि पंधरा-वीस लेखांची नुसती शीर्षकं आणि आकृत्या बघा. एखादी आकृती पाहून ‘असा आलेख मी प्रॅक्टिकलला काढला होता’ असं वाटलं की तिथे थांबा आणि ती दोन पानं तीन वेळा वाचा. तुमचं पत्र तिथून सुरू होईल.

न्यूक्लिअर लॅब म्हटलं की डोळ्यांसमोर अणुभट्टीचा घुमट येतो. ट्रॉम्बेला ध्रुव आहे हे खरं, पण तुम्ही ज्यांना लिहिताय त्यांचा अणुभट्टीशी रोजचा संबंध नसेलही. टीआयएफआरच्या आवारातलं १४ दशलक्ष व्होल्टचं पेलेट्रॉन भाभा केंद्र आणि टीआयएफआर मिळून चालवतात. तिथली माणसं जड आयनांचा झोत लक्ष्यावर सोडून बाहेर पडणारे गॅमा किरण, न्यूट्रॉन, विखंडनाचे तुकडे मोजतात. त्यांना ‘अणुऊर्जेतून देशाची वीज’ यावर परिच्छेद लिहून पाठवला तर त्यांना एवढंच कळतं की या मुलाने आपलं एकही पान वाचलेलं नाही.

कोणतं काम मागावं? मला पेलेट्रॉनवर प्रयोग करायचा आहे.

इच्छा योग्य आहे, पण पत्रात ती मागणी म्हणून ठेवू नका. झोताची वेळ, म्हणजे बीमटाइम, प्रस्ताव पाठवून आणि समितीची मंजुरी घेऊन मिळवावी लागते. एका गटाच्या वाट्याला काही दिवस येतात. ते दिवस रात्रंदिवस पाळ्या लावून वापरले जातात. तुमच्या आठ आठवड्यांत त्या गटाची पाळी येईलच असं नाही. आली तर तुम्हाला शेजारी बसून पाहायला मिळेल, आणि ते फार मोलाचं असेल. पण तुमचा प्रकल्प त्यावर टांगून ठेवता येत नाही.

आठ आठवड्यांत पुरं होणारं काम तीन प्रकारचं असतं. किरणोत्सारी सोर्स ठेवून डिटेक्टरची चाचणी घेणं, आधीच्या प्रयोगात साठवलेल्या डेटाचं विश्लेषण करणं, किंवा संगणकावर डिटेक्टरचं सिम्युलेशन करणं. यांपैकी एक मागा. समोरचा शास्त्रज्ञ बदलून दुसरं देईल, तरी हरकत नाही. तुम्ही पुरं होण्याजोगं काम मागितलंत हे त्याला दिसलं पाहिजे.

मी अजून काहीच संशोधन केलेलं नाही. मग पत्रात लिहू काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि याच प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते. तुम्ही प्रॅक्टिकल केलं आहे. त्यातलं एक मोजमाप नीट, शेवटपर्यंत, स्वतःच्या डोक्याने पुन्हा करा आणि ते पत्रात लिहा. ‘मला डिटेक्टरमध्ये रस आहे’ या वाक्यापेक्षा एक आकडा आणि त्यातली चूक किती, हे जास्त बोलतं.

आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण सविस्तर सांगते. विभागात दोन इंची सोडियम आयोडाइड डिटेक्टर होता आणि सीझियम-१३७चा एक चकतीसोर्स. चकतीवर लिहिलेलं होतं एक मायक्रोक्युरी, म्हणजे सेकंदाला ३७,००० विघटनं. तिने सोर्स डिटेक्टरच्या तोंडापासून १० सेंटिमीटरवर ठेवून ६०० सेकंद काउंट घेतले. ६६२ केईव्हीच्या पीकखाली बॅकग्राउंड वजा करून ६९,००० काउंट मिळाले, म्हणजे सेकंदाला ११५. आता या पीकची कार्यक्षमता काढायची होती. सूत्र साधं आहे:

ε = N / (A × t × I)

N म्हणजे पीकमधले काउंट, A सोर्सची ॲक्टिव्हिटी, t वेळ आणि I म्हणजे दर विघटनामागे ६६२ केईव्हीचा गॅमा निघण्याचं प्रमाण. सीझियमसाठी ते ०.८५१ आहे. तिचं पहिलं उत्तर आलं ०.३७ टक्के. जर्नलवर सही झाली, गुण मिळाले.

पुन्हा करताना तिने चकतीवरची तारीख पाहिली. सोर्स दहा वर्षं जुना होता. सीझियम-१३७चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षं आहे, तेव्हा दहा वर्षांत ॲक्टिव्हिटी ०.७९४ पट उरते. म्हणजे आज ३७,००० नव्हे, २९,४०० विघटनं आणि त्यातून सेकंदाला सुमारे २५,००० गॅमा. आता ११५ भागिले २५,००० केलं की येतात ०.४६ टक्के. पहिलं उत्तर पाचव्या हिश्श्याने कमी होतं, आणि कारण काय तर तारीख वाचली नव्हती.

यानंतर मी तिला विचारलं, ‘हे ०.४६ टक्के बरोबर आहेत की नाहीत, हे तुला कसं कळणार?’ त्यासाठी तिने भूमितीचा हिशोब केला. दहा सेंटिमीटरवरून दोन इंची स्फटिकाचं तोंड सगळ्या दिशांच्या १.५४ टक्के एवढाच भाग व्यापतं. म्हणजे सोर्समधून निघालेल्या शंभरांपैकी दीडच गॅमा स्फटिकावर पोचतात. त्यातले ०.४६ पीकमध्ये दिसले, म्हणजे पोचलेल्यांपैकी ३० टक्के. या आकाराच्या स्फटिकाला हे शोभणारं उत्तर आहे. ते ९० टक्के किंवा ३ टक्के आलं असतं तर कुठेतरी घोळ आहे हे लगेच कळलं असतं.

मग चुकीचा अंदाज. ६९,००० काउंटचं वर्गमूळ साधारण २६३, म्हणजे ०.४ टक्के. बहुतेक मुलं इथेच थांबतात आणि ‘एरर ०.४ टक्के’ लिहून मोकळी होतात. पण स्फटिक काही डिटेक्टरच्या तोंडाशी चिकटलेला नसतो, तो ॲल्युमिनियमच्या डब्यात थोडा आत असतो. तो पाच मिलिमीटर आत धरला तर १.५४चे १.४० टक्के होतात आणि आपले ३० टक्के ३३ होतात. काउंट मोजण्यातली चूक अर्ध्या टक्क्याहून कमी आणि अंतरातली नऊ टक्के! आणखी दहा तास काउंट घेऊन काही उपयोग नव्हता. पट्टी नीट लावायला हवी होती.

आता उरलेल्या ७० टक्के गॅमांचं काय झालं? काही स्फटिकातून आरपार गेले. बरेचसे आत एकदा आपटून थोडी ऊर्जा देऊन निसटले, म्हणून स्पेक्ट्रममध्ये डावीकडे ४७७ केईव्हीपर्यंत ते कॉम्प्टनचं पठार दिसतं. तिने याच प्रश्नाचा धागा धरून इतिवृत्तं चाळली आणि तिला क्लोव्हर डिटेक्टरवरचा एक लेख सापडला. क्लोव्हरमध्ये जर्मेनियमचे चार स्फटिक एकमेकांना लागून असतात. एका स्फटिकातून निसटलेला गॅमा शेजारच्या स्फटिकात सापडला की दोन्हींतली ऊर्जा बेरीज करून तो पीकमध्ये परत आणता येतो. याला ॲड-बॅक म्हणतात. तिच्या ७० टक्क्यांच्या प्रश्नाला कुणीतरी यंत्रानेच उत्तर दिलेलं होतं. मग पत्रात काय मागायचं याचा विचार करावाच लागला नाही.

माझा पहिला मसुदा तयार आहे. तो कुठे चुकलेला असू शकतो?

त्याच विद्यार्थिनीचा पहिला मसुदा असा सुरू होत होता: ‘मी लहानपणापासून विज्ञानाची आवड असलेली विद्यार्थिनी असून आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. मला न्यूक्लिअर फिजिक्स, पार्टिकल फिजिक्स, ॲस्ट्रोफिजिक्स आणि क्वांटम कम्प्युटिंगमध्ये रस आहे. मी मेहनती आहे आणि लवकर शिकते. आपण मला कोणतेही काम दिलेत तरी चालेल.’

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण हेच पत्र संस्थेचं नाव बदलून कुठेही पाठवता आलं असतं, आणि वाचणाऱ्याला ते जाणवतं. चार विषयांत रस म्हणजे एकातही निवड झालेली नाही. ‘कोणतंही काम चालेल’ हे नम्रपणे लिहिलेलं असतं, पण त्यामुळे काम शोधण्याचं ओझं समोरच्यावर पडतं. त्याच्याकडे आधीच पीएचडीची तीन मुलं असतात. आणि तारखा कुठेच नव्हत्या.

आणखी एक खूण सांगते. नाव एका अक्षरसंचात आणि बाकीचं पत्र दुसऱ्या अक्षरसंचात असेल, तर चिकटवलेलं पत्र आहे हे उघडताक्षणी दिसतं. पाठवण्याआधी स्वतःलाच एक ईमेल पाठवून फोनवर उघडून बघा.

पुरं पत्र कसं दिसतं?

प्रत्यक्षात पत्र इंग्रजीत जातं, कारण वाचणारा तमिळ, बंगाली, मल्याळी कुणीही असू शकतो. पण विचार मराठीतच पक्का करा आणि मग इंग्रजीत साध्या, छोट्या वाक्यांनी लिहा. तिचं शेवटचं पत्र आशयाने असं होतं. नावं काढली आहेत.

> विषय: समर प्रोजेक्टसाठी विनंती, क्लोव्हर ॲड-बॅक, २० मे ते १४ जुलै
>
> आदरणीय डॉ. ______,
>
> मी ______ विद्यापीठात एमएससी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षात आहे. क्लोव्हर डिटेक्टरवरचा आपल्या गटाचा सिम्पोझियममधला लेख मी वाचला. त्यातल्या ॲड-बॅकच्या आलेखाबद्दल मला एक प्रश्न आहे आणि त्यावर आपल्याकडे आठ आठवडे काम करण्याची संधी मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.
>
> आमच्या प्रयोगशाळेत मी दोन इंची सोडियम आयोडाइड डिटेक्टरची ६६२ केईव्हीला पीक-कार्यक्षमता मोजली. १० सेंटिमीटरवर ती ०.४६ टक्के आली. पहिल्या वेळी सोर्सच्या तारखेची दुरुस्ती न केल्यामुळे माझं उत्तर ०.३७ टक्के होतं. माझ्या मोजमापातली सर्वांत मोठी अनिश्चितता काउंटची नसून सोर्स ते स्फटिक या अंतराची आहे. स्फटिकावर पोचलेल्या गॅमांपैकी सुमारे ३० टक्केच पीकमध्ये येतात. उरलेल्यांपैकी किती ॲड-बॅकने परत मिळवता येतात आणि हे ऊर्जेनुसार कसं बदलतं, हे मला समजून घ्यायचं आहे.
>
> आपल्याकडे युरोपियम-१५२ सोर्सचा आधी साठवलेला डेटा असल्यास त्यातून एका क्लोव्हरसाठी हे काढण्याचं काम मी करू शकेन असं वाटतं. आपल्याला दुसरं काही योग्य वाटल्यास तेही करीन. मला पायथन येतं, रूट मी नुकतंच शिकायला घेतलं आहे.
>
> माझी परीक्षा १५ मे रोजी संपते. निकाल लागेपर्यंतच्या काळासाठी बोनाफाइड व ना हरकत पत्र देण्यास विभागप्रमुखांनी होकार दिला आहे. राहण्याची सोय मी स्वतः करीन. मोजमापाचं एक पान, गुणपत्रक आणि एक पानी बायोडेटा सोबत जोडला आहे.
>
> आपली विश्वासू,

पत्राचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा. प्रशासनाला लागणारं सगळं त्यात आहे आणि भावना एकही नाही. दुसऱ्या परिच्छेदात तिने आपली चूक सांगितली. त्यावर तिच्या वडिलांनी आक्षेप घेतला होता: ‘अगं, स्वतःचीच चूक कशाला लिहायची?’ मी ते वाक्य ठेवायला लावलं. प्रयोग करणाऱ्या माणसाला त्या वाक्यावरून कळतं की ही मुलगी आपलं उत्तर स्वतःच तपासते.

युरोपियमच का, असं कुणी विचारेल. सीझियम एकच मोठी रेषा देतो. युरोपियम-१५२ मात्र १२२ पासून १४०८ केईव्हीपर्यंत अनेक रेषा देतो, त्यामुळे एकाच सोर्समधून ऊर्जेनुसार बदल दिसतो. पत्रात हे लिहायची गरज नाही, पण विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

सोबत काय काय जोडू?

वर सांगितलं तेवढंच, एकाच पीडीएफमध्ये. मोजमापाच्या पानावर स्पेक्ट्रमचं चित्र हवं आणि अक्षांवर एककं हवीत. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची प्रमाणपत्रं नकोत. शिफारसपत्र मागितल्याशिवाय पाठवू नका, पण ज्या शिक्षकांनी ते मोजमाप करताना तुम्हाला पाहिलं आहे त्यांचं नाव आणि ईमेल त्यांना विचारून बायोडेटात द्या.

माझे गुण कमी आहेत. एक विषय राहिलाही होता. लपवू का?

लपवू नका, गुणपत्रकात ते दिसणारच आहे. त्याबद्दल परिच्छेदभर स्पष्टीकरणही देऊ नका. योजनेत टक्केवारीची अट असेल आणि ती तुम्ही पुरी करत नसाल तर तो अर्ज तिथेच थांबतो. तो वेळ थेट शास्त्रज्ञाला लिहिण्यात घाला. राहिलेला विषय न्यूक्लिअरच असेल तर मात्र एक वाक्य हवं: कधी सोडवला आणि किती गुण मिळाले.

पत्र कधी पाठवावं, आणि एकाच वेळी किती जणांना?

मे महिन्यातली जागा हवी असेल तर जानेवारीत, फार तर फेब्रुवारीत. शास्त्रज्ञाचा होकार एका दिवसात येऊ शकतो, पण प्रवेशपरवाना आणि पडताळणीचे कागद आठवडे घेतात. एप्रिलमध्ये आलेलं चांगलं पत्रही त्यामुळे वाया जाते. जाहीर योजनांच्या मुदती तर कधीकधी आदल्या वर्षीच संपतात.

तीन किंवा चार जणांना लिहा, प्रत्येकाला त्याच्या कामावरून वेगळं पत्र. एकाच गटातल्या दोघांना कधीही लिहू नका. ते दुपारचं जेवण एकत्र घेतात आणि तुमचं पत्र एकमेकांना दाखवतात.

उत्तरच आलं नाही तर?

तीन आठवडे थांबा. मग त्याच ईमेलच्या उत्तरात दोन ओळी लिहा, आणि शक्य असेल तर दरम्यान काही नवं केलं असेल ते सांगा. माझ्या विद्यार्थिनीने आठवणीच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं: ‘स्फटिक डब्यात किती आत आहे ते उत्पादकाच्या आकृतीवरून शोधलं आणि हिशोब सुधारला.’ त्या ईमेलला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दुसऱ्या आठवणीनंतरही शांतता असेल तर तिथून निघा. प्रयोगशाळेत फोन लावत राहू नका.

ते फोनवर बोलायचं म्हणतात. काय विचारतील?

तुमच्या पत्रातलंच विचारतील. म्हणून पत्रात जे समजलेलं नाही ते लिहायचं नाही. तिला विचारलेले प्रश्न तिने मला नंतर सांगितले. बॅकग्राउंड कसं वजा केलंस: सोर्स काढून वेगळं मोजून, की पीकच्या दोन्ही बाजूंना रेषा काढून? सोर्स डिटेक्टरच्या आणखी जवळ आणला असतास तर काय बिघडलं असतं? ६६२चा गॅमा खरं तर सीझियममधून निघतो का?

दुसऱ्या प्रश्नावर ती अडखळली. जवळ आणल्यावर काउंट वाढतात, पण अंतरातली तीच पाच मिलिमीटरची चूक कितीतरी जास्त टक्के होते, हे तिला बोलता बोलता सुचलं. ‘थोडा वेळ द्या, विचार करते’ असं म्हणून तिने ते शोधलं आणि त्यांनी थांबू दिलं. तिसऱ्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात असूनही बरेच जण चुकतात. सीझियमचं बीटा विघटन होऊन बेरियम-१३७ उत्तेजित अवस्थेत तयार होतो आणि गॅमा त्या बेरियममधून निघतो.

घरचे किरणोत्सर्गाला घाबरतात. त्यांना काय सांगू?

त्यांची भीती उडवून लावू नका, आकडे सांगा. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळ किरणोत्साराच्या मर्यादा ठरवतं आणि सर्वसामान्य माणसासाठी ती वर्षाला एक मिलिसिव्हर्ट आहे. वरच्या उदाहरणातला सीझियम सोर्स दहा सेंटिमीटरवर तासाला साधारण पाव मायक्रोसिव्हर्ट देतो. त्या हिशोबाने एक मिलिसिव्हर्ट व्हायला सोर्ससमोर दहा सेंटिमीटरवर चार हजार तास बसावं लागेल. आठ आठवड्यांच्या प्रकल्पात तुम्ही बहुतेक वेळ त्याहून लांब, संगणकासमोर असता.

झोत चालू असताना प्रयोगाच्या दालनात कुणी नसतं. दारं बंद झाल्याशिवाय झोत सुरू होऊ नये अशी साखळी बसवलेली असते. जिथे गरज असते तिथे छातीवर टीएलडी बॅज लावतात आणि मिळालेला डोस त्यातून मोजला जातो. घरच्यांना हवं असेल तर पहिल्याच आठवड्यात गाईडला ‘मी कुठे जायचं आणि कुठे नाही’ हे विचारून त्यांना सांगा. असा प्रश्न विचारलेला तिथे सगळ्यांना आवडतो.

होकार आला. आता?

होकाराच्या ईमेलला त्याच दिवशी उत्तर द्या आणि बाकी ज्यांना लिहिलं होतं त्यांना कळवा. मग कागद: बोनाफाइड, ना हरकत पत्र, ओळखीचा पुरावा, फोटो, आणि मागितली असेल तर पोलीस पडताळणी. पडताळणीसाठी आधारवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असेल तर तिथेच वेळ जातो, म्हणून ती सगळ्यात आधी सुरू करा. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना, हेही पाहा.

अणुऊर्जा विभागाच्या आवारांत मोबाइल, लॅपटॉप, पेनड्राइव्ह यांवर कडक बंधनं असू शकतात. तुमचा सगळा अभ्यास लॅपटॉपवर असेल तर ते आधी विचारून घ्या आणि एक जाडजूड वही घ्या. डेटा तुमच्यासोबत बाहेर येणार नाही असं धरूनच रोजच्या रोज आकडे आणि कृती वहीत उतरवा, मात्र ती वही बाहेर नेता येईल का हेही विचारा.

राहण्याचं बघा. थेट गाईडमार्फत केलेल्या प्रकल्पाला अनेकदा विद्यावेतन नसतं आणि वसतिगृहाची खात्री नसते. ट्रॉम्बेसाठी मानखुर्द, गोवंडी, चेंबूर या बाजूला राहणं सोयीचं, कारण मानखुर्द हार्बर लाइनवर आहे. टीआयएफआर मात्र कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरमध्ये. दोन्हींना मुंबई म्हणतात म्हणून चेंबूरला खोली घेऊन कुलाब्याला जायचं ठरवलंत तर रोजचे तीन-साडेतीन तास प्रवासातच जातील. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर तेवढ्यातही भागणार नाही.

माझ्या विभागात सोडियम आयोडाइड डिटेक्टरच नाही. मग मोजमाप कसलं दाखवू?

गायगर-म्युलर काउंटर बहुतेक कॉलेजांत असतो, तेवढा पुरे. दोन सोर्सची पद्धत वापरून त्याचा डेड टाइम काढा. आधी एक सोर्स मोजा, मग दोन्ही एकत्र, मग दुसरा न हलवता पहिला काढून नुसता दुसरा. दोन्ही एकत्र मोजलेले काउंट सुट्या काउंटच्या बेरजेपेक्षा थोडे कमी येतात, कारण एक कण मोजत असताना काउंटर दुसऱ्याला आंधळा असतो. हा फरक छोटा असतो, दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून येतो, त्यामुळे त्यातली चूक प्रचंड असते. काउंट कमी घेतले तर डेड टाइम ऋण सुद्धा येतो. तसा आला तर घाबरून आकडा बदलू नका. किती वेळ काउंट घेतले असते तर उत्तर भरवशाचं आलं असतं याचा हिशोब करा, पुन्हा मोजा, आणि पत्रात दोन्ही आकडे लिहा.